कॉग्निझन्स नेमका कोणत्या टप्प्यावर? चार पर्यायांपैकी ‘क’ का?

अनुजा_पा

जेएमएफसी, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदाच्या पूर्वपरीक्षेची तयारी करते आहे. कॉग्निझन्स, म्हणजे कोर्टाने गुन्ह्याची दखल घेणं, यावरच्या सराव प्रश्नसंचातल्या एका प्रश्नावर अडले आहे, म्हणून धागा काढला.

खाजगी तक्रारीत मॅजिस्ट्रेटने गुन्ह्याची दखल घेतली असे खालीलपैकी कोणत्या टप्प्यावर म्हणता येईल?
अ) पोलिसांना तपास करण्याचा आदेश दिला तेव्हा
ब) तपासासाठी झडतीचे वॉरंट काढले तेव्हा
क) तक्रारदाराचा शपथेवर जबाब घेऊन पुढे जायचे ठरवले तेव्हा
ड) आरोपीविरुद्ध प्रोसेस काढली तेव्हा

उत्तरतालिकेत ‘क’ आहे. मी ‘ड’ लिहिलं होतं. आरोपीला कोर्टात बोलावल्याशिवाय खटला सुरू झाला असं कसं म्हणायचं? आणि अ, ब मध्येही मॅजिस्ट्रेट तक्रार वाचून, विचार करूनच आदेश देतो ना? मग ती दखल का नाही?

पुढचाच प्रश्न असा होता: फौजदारी प्रकरण कोर्टात औपचारिकरीत्या कधी सुरू होतं? पर्याय होते एफआयआर, चार्जशीट दाखल होणं, कॉग्निझन्स आणि चार्ज फ्रेम होणं. तिथे कॉग्निझन्स हे उत्तर दिलं आहे. दोन्ही प्रश्न एकाच मुद्द्यावर फिरताहेत असं वाटतं. जाणकारांनी सांगावं.

बाजीराव७७

सरळ आहे हो, एफआयआर. गु.र.नं. पडला की केस सुरू. माणसाला अटक होते, पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी मिळते, जामिनासाठी धावाधाव होते. केस सुरूच झाली नसेल तर हे सगळं कशात चाललंय? प्रश्नसंच काढणाऱ्यांनी एकदा पोलीस स्टेशनात बसून पाहावं.

मेघना_कुल

बाजीराव, गु.र.नं. हा पोलीस ठाण्याचा क्रमांक असतो. तपास सुरू झाला एवढंच त्यातून कळतं. कित्येक एफआयआरमध्ये चार्जशीट येतच नाही. त्या प्रकरणांत कोर्टात खटला कधी उभाच राहत नाही, मग तो सुरू कधी झाला म्हणणार?

बाजीराव७७

मग रिमांड कोण देतं? मॅजिस्ट्रेटच देतो ना?

काळाकोट

बाजीरावांचा प्रश्न चांगला आहे आणि अनुजाताईंच्या अडचणीचं उत्तरही त्यातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मॅजिस्ट्रेट दोन वेगळ्या भूमिकांत काम करतो. तपास चालू असताना तो पोलिसांवर नजर ठेवतो. रिमांड देतो, झडतीचं वॉरंट काढतो, जबाब नोंदवतो, जामिनावर निर्णय देतो. या सगळ्यात त्याला डोकं लावावं लागतं, पण ते तपासापुरतं. गुन्ह्यावर न्यायालयीन कारवाई करायची का, हा प्रश्न अजून त्याच्यापुढे आलेला नसतो. तो प्रश्न हातात घेऊन पुढच्या कलमांच्या वाटेने जायचं ठरवलं, की ती दखल.

म्हणून ‘डोकं लावलं की कॉग्निझन्स’ असं जे क्लासमध्ये पाठ करून घेतात ते अर्धवट आहे. डोकं कशासाठी लावलं ते बघायचं. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९५० मध्ये अबनी कुमार बॅनर्जी प्रकरणात ही कसोटी घालून दिली. तपासाचा आदेश आणि झडतीचं वॉरंट ही दोन्ही उदाहरणं त्यांनीच दिली आणि दोन्ही वेळा दखल घेतली असं होत नाही म्हणून सांगितलं. तुमच्या प्रश्नातले अ आणि ब सरळ तिथून उचललेले आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी आर. आर. चारी प्रकरणात ती कसोटी उचलून धरली. चारी हे कानपूरला लोखंड-पोलाद नियंत्रण खात्यात अधिकारी होते. भ्रष्टाचाराच्या तपासात पोलिसांनी १९४७ मध्ये मॅजिस्ट्रेटकडून त्यांच्या अटकेचं वॉरंट घेतलं. खटल्याला लागणारी सरकारी मंजुरी आली ती नंतर. चारींचं म्हणणं असं की वॉरंट काढलं त्याच दिवशी दखल घेतली गेली, तेव्हा मंजुरी नव्हती, म्हणून सगळं रद्द. कोर्टाने ते मानलं नाही. वॉरंट तपासासाठी होतं, दखल त्यानंतर घेतली गेली आणि तोवर मंजुरी हातात होती. अटकेच्या वॉरंटनेही जर दखल होत नसेल, तर बाजीराव, तुमच्या रिमांडने कशी होईल?

बाजीराव७७

कोर्टाचं बरोबर असेल, पण आत बसलेल्या माणसाला हे समजावून सांगा.

तळेगावकर

बाजीरावांच्या प्रत्येक प्रतिसादाला आता गु.र.नं. द्यायला हवा :)

सदानंद_शि

माझी स्वतःची केस विचारतो. भागीदाराने फसवलं, पोलीस तक्रार घेईनात म्हणून वकिलामार्फत कोर्टात तक्रार दिली. कोर्टाने पोलिसांना तपासाचा आदेश दिला, गुन्हा दाखल झाला. आता पोलिसांनी ‘क’ समरी, म्हणजे तपास बंद करायचा अहवाल, पाठवला आहे, प्रकरण दिवाणी स्वरूपाचं आहे म्हणून. कोर्टाची नोटीस आली आहे. अनुजाताईंच्या प्रश्नाचं उत्तर ‘क’ आहे म्हणजे माझी केस संपली असं समजायचं का?

मेघना_कुल

सदानंदजी, तो प्रश्नाचा पर्याय ‘क’ आहे. तुमच्या ‘क’ समरीशी त्याचा संबंध नाही. घाबरू नका.

काळाकोट

सदानंदराव, तुमची केस संपलेली नाही. खरं म्हणजे कोर्टात ती अजून सुरूही झालेली नाही आणि ती सुरू करायची का, हेच आता ठरणार आहे.

घटनाक्रम पाहा. तुमची तक्रार कोर्टात गेली, पण मॅजिस्ट्रेटने ती पोलिसांकडे पाठवली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, म्हणजे सीआरपीसीत, हे कलम १५६(३) होतं, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसमध्ये १७५(३). तो पर्याय ‘अ’, म्हणजे दखल घेतली नाही. आता पोलिसांचा अहवाल आला आहे. तो मॅजिस्ट्रेटवर बंधनकारक नसतो. मॅजिस्ट्रेट समरी मंजूर करू शकतो. आणखी तपास करा असं सांगू शकतो. किंवा पोलिसांचा निष्कर्ष बाजूला ठेवून, त्यांनीच जमवलेल्या कागदांवरून थेट दखल घेऊन आरोपीला समन्स काढू शकतो. ‘चार्जशीटच पाठवा’ असा हुकूम मात्र तो पोलिसांना देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये अभिनंदन झा प्रकरणात हे ठरवलं, कारण तपासातून काय निष्कर्ष काढायचा हा पोलिसांचा प्रांत आहे.

तुम्हाला आलेली नोटीस १९८५ च्या भगवंत सिंग निकालामुळे येते. फिर्यादीला ऐकल्याशिवाय प्रकरण बंद करायचं नाही असा तो नियम. तुम्ही हरकत अर्ज द्या, म्हणजे प्रोटेस्ट पिटीशन. नुसतं ‘पोलिसांनी नीट तपास केला नाही’ लिहून भागत नाही. सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे कोणत्या कागदावरून दिसतं, ते दाखवा. पैसे घेताना दाखवलेला करार, त्या तारखेला खात्यात काय होतं, त्याआधी दुसऱ्या कुणाला तीच वस्तू विकली होती का, असं. क समरीला उत्तर तिथेच मिळतं. अर्ज पुरेसा भरीव असेल तर मॅजिस्ट्रेट त्यालाच तक्रार मानून तुमचा शपथेवर जबाब घेऊ शकतो.

नोटिशीतली तारीख चुकवू नका आणि कागद तुमच्या वकिलांना दाखवा. इथल्या प्रतिसादांवर विसंबू नका.

सदानंद_शि

धन्यवाद काका. तारीख पुढच्या महिन्यात आहे.

अनुजा_पा

काळाकोट सर, अ आणि ब पटले. पण ‘ड’ अजून डोक्यातून जात नाही. जबाब घेतला तरी तक्रार फेटाळली जाऊ शकते ना? मग प्रकरण सुरू होऊन आरोपीला न बोलावताच संपलं असं म्हणायचं?

काळाकोट

हो, तसंच म्हणायचं. दखल घेतली, जबाब घेतला, हवं तर चौकशी केली, आणि पुरेसा आधार दिसला नाही तर तक्रार काढून टाकली. तक्रार काढून टाकण्याचं कलम २२६ आणि प्रोसेसचं कलम २२७ दोन्ही दखलीनंतरची आहेत. दखल ही गुन्ह्याची असते, आरोपीची नाही. आरोपी कोण, त्याला बोलवायचं का, हे पुढे ठरतं.

आता हे नुसतं पुस्तकी वाटू नये म्हणून मुंबईतलंच एक प्रकरण सांगतो. फेरा हा परकीय चलनाचा जुना कायदा १ जून २००० ला गेला आणि फेमा आला. नव्या कायद्यात तरतूद होती की जुन्या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल कोर्टाने दोन वर्षांनंतर घ्यायची नाही. म्हणजे शेवटचा दिवस ३१ मे २००२. सक्तवसुली संचालनालयाने व्हिडिओकॉन इंटरनॅशनलविरुद्ध मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात तक्रार दाखल केली २४ मे २००२ ला, मुदत संपायला आठवडा असताना. प्रोसेस निघाली ३ फेब्रुवारी २००३ ला.

प्रोसेस म्हणजेच दखल असं धरलं तर आठ महिने उशीर झाला आणि खटला मेला. दखल २४ मे रोजी झाली असं धरलं तर तो मुदतीत आहे. सगळी लढाई याच एका मुद्द्यावर झाली. उच्च न्यायालयाने कंपनीचं म्हणणं मान्य केलं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ते फिरवलं: दखल २४ मे रोजीच घेतली गेली होती, प्रोसेस काढणं ही त्यानंतरची वेगळी पायरी आहे आणि ती उशिरा आली म्हणून आधीची दखल पुसली जात नाही.

यातलं आणखी एक बघून ठेवा. तिथे तक्रारदार सरकारी अधिकारी होता आणि आपल्या कामाचा भाग म्हणून तक्रार करत होता. अशा तक्रारदाराचा शपथेवर जबाब घ्यावाच लागत नाही. म्हणजे जबाब नाही, तरी दखल आहे. तुमच्या पर्याय ‘क’ मधले ‘पुढे जायचे ठरवले’ हे शब्द म्हणून महत्त्वाचे. जबाबाचा कागद त्या ठरवण्याची खूण आहे, इतकंच.

अनुजा_पा

हे प्रकरण वाचून ‘ड’ गेला एकदाचा! आठवड्याभराच्या फरकावर अख्खा खटला टांगलेला होता हे माहीत नव्हतं.

शिरस्तेदार_निवृत्त

कोर्टाच्या टेबलावरून बोलतो. आमच्याकडे खाजगी तक्रार आली की आधी ती किरकोळ अर्ज म्हणून रजिस्टरला चढायची. प्रोसेस निघाल्यावर तिला आर.सी.सी. किंवा एस.सी.सी. नंबर मिळायचा. पक्षकार विचारायचे, ‘साहेब, केस नंबर पडला का?’ नंबर पडला म्हणजे केस सुरू, हा समज तिथून आला. अनुजाताईंनी ‘ड’ लिहिलं ते याच सवयीने असणार. पण तो नंबर आमच्या कार्यालयाच्या सोयीचा. दखल त्याच्या आधीच झालेली असते.

आता ती ओळखायची कशी? ‘मी दखल घेत आहे’ असं वाक्य प्रत्येक ऑर्डरवर मिळेलच असं नाही, आणि कायद्याने तसा ठराविक नमुनाही सांगितलेला नाही. रोजनामा उघडा आणि तक्रार आल्यापासूनच्या नोंदी एकेक करून वाचा. ‘पोलिसांनी गुन्हा नोंदवून तपास करावा’ अशी नोंद असेल तर दखल नाही. ‘व्हेरिफिकेशनसाठी नेमले’ आणि पुढच्या तारखेला ‘तक्रारदार हजर, व्हेरिफिकेशन नोंदवले’, म्हणजे शपथेवर जबाब घेतला असं असेल तर आतापर्यंत आम्ही दखल धरत आलो. पोलीस केसमध्ये ‘चार्जशीट दाखल, आरोपींना समन्स’ एवढीच ओळ असते, ती समन्सची ओळ म्हणजे दखल होऊन गेली.

एक घोटाळा नेहमी व्हायचा. व्हेरिफिकेशन झाल्यावर सुद्धा मॅजिस्ट्रेट कधीकधी पोलिसांकडून अहवाल मागवतात. तो आदेश १७५(३) चा नव्हे, २२५ चा असतो. कागदावर दोन्हीकडे ‘पोलिसांनी तपास करून अहवाल द्यावा’ असंच दिसतं. नवे कारकून कलम न बघता फाईल पोलीस ठाण्याला पाठवायचे आणि तिकडे गुन्हा नोंदवला जायचा. २२५ मध्ये गुन्हा नोंदवायचा नसतो, फक्त प्रोसेस काढावी का एवढं ठरवायला माहिती हवी असते.

काळाकोट

शिरस्तेदार साहेबांनी अगदी नेमकं सांगितलं. या दोन तपासांमधला फरक सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये देवरापल्ली प्रकरणात सांगितला आहे: एक दखलीच्या आधीचा, एक नंतरचा. एकदा व्हेरिफिकेशनच्या वाटेने गेलं की मागे फिरून पहिल्या प्रकारचा आदेश देता येत नाही.

निशिगंध

मी वाट बघत होते कुणी बीएनएसएसच्या २२३ चा मुद्दा काढतंय का. सगळी चर्चा जुन्या कायद्याच्या चौकटीत चालली आहे.

१ जुलै २०२४ पासून २२३ ला एक परंतुक, म्हणजे जोडलेली अट, आहे. खाजगी तक्रारीवर आरोपीला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय मॅजिस्ट्रेटने दखल घ्यायची नाही. आता अनुजाचा पर्याय ‘क’ घ्या. शपथेवर जबाब घ्यायचं ठरवलं तीच दखल असेल, तर त्या क्षणी आरोपीला ऐकलेलं नसतं. म्हणजे प्रत्येक व्हेरिफिकेशन परंतुकाच्या विरुद्ध जाईल. आणि जबाबाआधीच आरोपीला बोलावलं तर तो कशावर बोलणार? त्याच्यापुढे नुसती तक्रार असेल, शपथेवरचं काहीच नसेल.

कर्नाटक उच्च न्यायालयापुढे २०२४ मध्ये हेच आलं. मॅजिस्ट्रेटने तक्रार आल्याआल्या आरोपीला नोटीस काढली होती. न्यायालयाने ती रद्द केली आणि क्रम लावून दिला: आधी तक्रारदाराचा आणि साक्षीदार असतील तर त्यांचा शपथेवर जबाब, मग ते जबाब जोडून आरोपीला नोटीस, मग सुनावणी आणि त्यानंतर दखल. या क्रमाने गेलं तर जबाब दखलीच्या आधी येतो. मग ‘क’ बरोबर कसा राहील?

मेघना_कुल

निशिगंध, हा मुद्दा कुठल्याही क्लासमध्ये सांगितला नाही! पण परंतुक न पाळता दखल घेतली तर ती खरंच रद्द होते का, की ती फक्त कार्यपद्धतीतली त्रुटी मानतात?

निशिगंध

रद्द होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या मे महिन्यात ईडीच्या एका तक्रारीत तेच केलं. तक्रार २०२४ च्या ऑगस्टमधली, म्हणजे नव्या कायद्यानंतरची. विशेष न्यायालयाने आरोपीला न ऐकता दखल घेतली होती. मनी लाँडरिंगच्या तक्रारीलाही परंतुक लागू आहे असं सांगून दखलीचा आदेश बाजूला ठेवला गेला.

चेकच्या केसेस मात्र वेगळ्या. कलम १३८ च्या तक्रारीत दखलीपूर्वी आरोपीला बोलावण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सांगितलं आहे.

काळाकोट

निशिगंधचा मुद्दा वजनदार आहे, पण मी पूर्ण सहमत नाही. २२३ चं मुख्य वाक्य अजूनही असंच आहे की दखल घेताना मॅजिस्ट्रेटने तक्रारदाराला शपथेवर तपासावं. म्हणजे जबाब हा दखल घेण्याच्या प्रक्रियेचाच भाग आहे. मला वाटतं दखल आता एका क्षणाची राहिली नाही. जबाबापासून ती सुरू होते आणि आरोपीला ऐकल्यावर पुरी होते. कर्नाटकच्या निकालाशी हे विसंगत नाही.

निशिगंध

‘सुरू होते आणि पुरी होते’ म्हटलं तर तुमच्या व्हिडिओकॉन प्रकरणासारख्या वेळी तारीख कोणती धरणार? तिथे २४ मे की ३ फेब्रुवारी हाच सगळा प्रश्न होता. तारीख एकच धरावी लागते. मुदतीसाठी, मंजुरीसाठी, सगळ्यासाठी.

काळाकोट

मुदतीचं म्हणाल तर नेहमीच्या गुन्ह्यांत तो धोका उरलेला नाही. कलमाच्या शब्दांत दखल घेण्याला मुदत आहे. उदाहरणार्थ एक वर्षाहून जास्त पण तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याला तीन वर्षं. पण २०१३ मध्ये सारा मॅथ्यू प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सांगितलं की मोजायची ती तक्रार दाखल केल्याची तारीख. तक्रारदाराने वेळेत येऊन कोर्टाला उशीर झाला तर त्याची शिक्षा तक्रारदाराला नको. बीएनएसएसच्या ५१४ मध्ये आता ते स्पष्टीकरण म्हणून लिहूनच टाकलं आहे.

पण फेमासारखी एखादी तरतूद ‘या तारखेनंतर दखल नाही’ असं म्हणत असेल, किंवा सरकारी मंजुरीचा प्रश्न असेल, तर तुमचा आक्षेप उभा राहतो. तिथे मी आरोपीला ऐकल्यानंतरच्या आदेशाची तारीख धरीन. तुम्ही?

निशिगंध

मीही तीच. म्हणजे निदान त्या बाबतीत जबाबाची तारीख सुटलीच ना तुमच्या हातून.

तळेगावकर

काळाकोट विरुद्ध निशिगंध, पुढची तारीख? :)

बाजीराव७७

एक शंका. तपासाचा आदेश देताना सुद्धा आता प्रतिज्ञापत्र लागतं, मॅजिस्ट्रेट चौकशी करतो, पोलिसांचं म्हणणं मागवतो. एवढं सगळं केल्यावर ती दखल नाही म्हणायची?

मेघना_कुल

नाही. १७५(३) मध्ये या गोष्टी आल्या त्या आदेश डोळे झाकून निघू नयेत म्हणून. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत हा बदल समजावून सांगितला आहे. काळाकोट सरांची कसोटी लावा: मॅजिस्ट्रेट चौकशी कशासाठी करतोय? पोलिसांनी तपास करावा का, एवढं ठरवायला. कितीही बारकाईने केली तरी ती दखलीच्या अलीकडेच राहते.

बाजीराव७७

बरं. पण केस एफआयआरपासूनच सुरू होते असं मी माझ्या पुतण्याला सांगत राहणार, म्हणजे तो पहिल्या दिवसापासून वकील बघेल.

काळाकोट

वकील पहिल्या दिवशीच बघावा, यात माझी तुमच्याशी पूर्ण सहमती.

अनुजा_पा

मूळ प्रश्नाकडे येते. दुसऱ्या प्रश्नात ‘चार्जशीट दाखल होणं’ हा पर्याय का चूक? चार्जशीट कोर्टात पोचली म्हणजे प्रकरण कोर्टात आलंच की.

काळाकोट

चार्जशीट देणारे पोलीस, दखल घेणारा मॅजिस्ट्रेट. चार्जशीट वाचून तो आणखी तपासाला पाठवू शकतो किंवा यात गुन्हाच दिसत नाही म्हणू शकतो. म्हणून दाखल होणं आणि दखल हे एकाच दिवशी घडलं तरी दोन वेगळ्या गोष्टी. मुदतीत चार्जशीट आली नाही तर मिळणाऱ्या डिफॉल्ट जामिनाच्या वेळी हा फरक आरोपीच्या वकिलांना महागात पडतो. साठ किंवा नव्वद दिवसांत चार्जशीट आली पण दखल घेतली नाही, म्हणून जामीन द्या, असा अर्ज होतो. महाराष्ट्रातल्या सुरेश कुमार जैन प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मार्ग बंद केला. त्या जामिनासाठी मुदतीत चार्जशीट दाखल झाली की पुरे, दखल नंतर घेतली तरी चालते. म्हणजे दोन्ही एकच असते तर हा वाद झालाच नसता.

आणि चार्ज फ्रेम होणं हे ट्रायलची सुरुवात आहे, प्रकरणाची नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या जमुना सिंग निकालात तक्रारीवर दखल घेतली की केस त्या कोर्टात दाखल झाली असं मानलं आहे. प्रश्नात ‘ट्रायल कधी सुरू होते’ असं विचारलं तर चार्ज फ्रेमवर खूण करा. ‘प्रकरण कोर्टात कधी सुरू होतं’ विचारलं तर दखल.

अनुजा_पा

म्हणजे प्रश्नातलं क्रियापद नीट वाचायचं. आणि पहिल्या प्रश्नात ‘क’ लिहू की नको?

निशिगंध

प्रश्नात सीआरपीसी किंवा तिचं जबाबाचं २०० कलम असेल तर ‘क’, डोळे मिटून. बीएनएसएस असेल तरी या चार पर्यायांत मी ‘क’च लिहीन, कारण अ आणि ब तपासाचे आहेत आणि ड ही वेगळी पायरी आहे. पण ‘आरोपीला ऐकून घेतल्यावर पुढे जायचे ठरवले तेव्हा’ असा पाचवा पर्याय दिला तर मी तो निवडेन. मुलाखतीत विचारलं तर दोन्ही बाजू सांग आणि आपली बाजू कोणती तेही सांग.

काळाकोट

तो पाचवा पर्याय आला तर माझंही बोट तिथेच जाईल. पण जबाबाला दखलीच्या बाहेर काढणं मला अजून पटत नाही.

शिरस्तेदार_निवृत्त

सध्याच्या कोर्टातली मुलं सांगतात की आता नोटिशीसोबत तक्रार आणि व्हेरिफिकेशन दोन्हीच्या प्रती जोडाव्या लागतात. प्रत जोडली नाही म्हणून आरोपीचे वकील पुढची तारीख मागतात. ज्यांची खाजगी तक्रार आहे त्यांनी प्रत्येक आरोपीमागे एक जादा संच आधीच देऊन ठेवावा, महिना वाचतो.

सदानंद_शि

काका, माझा हरकत अर्ज तक्रार म्हणून धरला तर माझ्याही भागीदाराला आधी नोटीस जाईल का?

काळाकोट

अर्ज तक्रार मानून तुमचा जबाब घेतला तर निशिगंधने सांगितलेला क्रम लागेल, म्हणजे त्यांना नोटीस जाईल. मॅजिस्ट्रेटने पोलिसांच्या कागदांवरूनच थेट दखल घेतली तर प्रकरण २२३ मध्ये येतच नाही. म्हणून अर्जात दोन्ही मागण्या लिहायला सांगा, आधी पोलिसांच्या कागदांवर दखल घेण्याची आणि ती नाहीच मान्य झाली तर अर्ज तक्रार मानण्याची. आणि शिरस्तेदार साहेब म्हणतात तसे जादा संच तयार ठेवा.